एका सेट-टॉप बॉक्सवर दोन टीव्ही: आधी एवढं बघा

हे बघा, पहिली गोष्ट म्हणजे सिग्नल दोन टीव्हींना वाटून देणारा स्प्लिटर लावायचा तो बॉक्सच्या नंतर, छत्रीच्या वायरला नाही. नवीन माणसं हमखास इथेच चुकतात, दहावीस रुपयांचा वायरचा स्प्लिटर आणून छत्रीची वायर थेट बेडरूमच्या टीव्हीत घालतात आणि मग चॅनेल सर्च करत बसतात. तो सिग्नल उलगडतो बॉक्स आणि त्यातलं कार्ड, टीव्हीला ते जमत नाही.

दुसरं, दोन्हीकडे एकच चॅनेल दिसणार. आईंना सिरियल आणि तुम्हाला मॅच हवी असेल तर दुसरा बॉक्सच घ्या, स्प्लिटरवर उगाच खर्च करू नका.

आता समजा हॉलपासून बेडरूम १० मीटरवर आहे. एक इनपुट दोन आउटपुटवाला एचडीएमआय स्प्लिटर घ्या, पण अ‍ॅडॉप्टरवर चालणारा, नुसती वायवाली दुतोंडी केबल नको, तिने बहुतेक वेळा एकच टीव्ही चालतो. १० मीटरची केबल जरा चांगली घ्या, चित्रात ठिपके चमकायला लागले किंवा मधेच काळं झालं की केबल कमी पडतेय समजा. एक टीव्ही जुना ७२०चा असेल तर बऱ्याचदा दोन्हीकडे ७२०च येतं, तो बिघाड नाही.

केबलशिवाय चित्र पाठवणारा वायरलेस सेंडर भिंत फोडायची नसेल तरच घ्या, मधे काँक्रीटच्या दोन भिंती आल्या की चित्र अडकतं. घेताना रिमोटचा सिग्नल परत पाठवणारा घ्या, नाहीतर चॅनेल बदलायला दरवेळी हॉलमध्ये यावं लागेल.