साखरपुडा : ‘अभिनंदन’ की ‘शुभेच्छा’?

प्रश्न : जवळच्या मैत्रिणीचा साखरपुडा झाला. कार्डावर ‘साखरपुड्याबद्दल हार्दिक शुभेच्छा व पुढील वाटचालीस अभिनंदन’ असे लिहिले आहे. काहीतरी खटकते आहे, पण काय ते कळत नाही. ‘साखरपुडा’ऐवजी ‘वाङ्निश्चय’ लिहू का?

खटकते ते या दोन शब्दांच्या जागांची अदलाबदल झाल्यामुळे. अभिनंदन घडून गेलेल्या गोष्टीचे करतात, तर शुभेच्छा अजून घडायच्या असलेल्या गोष्टीसाठी देतात. शब्दयोगी अव्ययेही त्याच हिशेबाने जुळतात. ‘बद्दल’ झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवते, म्हणून ‘उत्तीर्ण झाल्याबद्दल अभिनंदन’ कानाला नीट लागते आणि ‘उत्तीर्ण झाल्याबद्दल शुभेच्छा’ लागत नाही. शुभेच्छांना ‘साठी’ किंवा षष्ठीचा ‘च्या’ मानवतो. साखरपुडा अजून व्हायचा असता, तर ‘साखरपुड्याच्या शुभेच्छा’ योग्यच ठरल्या असत्या; तो पार पडला असल्यामुळे आधी अभिनंदन यायला हवे.

‘वाङ्निश्चय’ चुकीचा नाही. वाक् म्हणजे वाणी, आणि वाणीने केलेला निश्चय तो वाङ्निश्चय. संधीत ‘क्’चा ‘ङ्’ होतो. मात्र हा शब्द निमंत्रणपत्रिकेत शोभतो. मैत्रिणीला तो लिहिलात, तर तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मजकूर सांगितला असावा असे वाटेल. ‘वाग्दान’ तर टाळाच, कारण त्यात मुलगी देण्याचे वचन ही कल्पना आहे आणि ज्या मैत्रिणीने स्वतः जोडीदार निवडला असेल, तिला ते रुचेलच असे नाही. खरे तर ‘साखरपुडा’ हे समारंभाचे नाव झाले. तुम्हाला आनंद झाला आहे तो लग्न ठरल्याचा, तेव्हा तेच सरळ लिहिता येते.

‘पुढील वाटचालीस’ हे शब्द बदली किंवा सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात इतके झिजले आहेत, की ते वाचताना शाल आणि श्रीफळच डोळ्यांसमोर येते. ‘नांदा सौख्यभरे’ हा लग्नातला आशीर्वाद आहे, शिवाय तो मोठ्यांच्या तोंडी शोभतो. त्याला अजून अवकाश आहे.

‘हार्दिक’ ठेवायचे असेल, तर ‘दि’ ऱ्हस्व हवी. पण जिला तुम्ही ‘अगं’ म्हणून हाक मारता, तिच्यासाठी ‘मनापासून’ अधिक जवळचे वाटते. ‘आपले’ नको, ‘तुझे’च असू द्या. दोघांनाही ओळखत असाल, तर ‘तुमचे दोघांचे’ म्हणता येईल; त्याला ओळखत नसाल, तर अभिनंदन तिचे करून शुभेच्छा दोघांना द्याव्यात.

म्हणजे कार्डावर असे लिहिता येईल : ‘लग्न ठरल्याबद्दल तुझे मनापासून अभिनंदन! तुम्हा दोघांच्या सहजीवनासाठी खूप खूप शुभेच्छा.’ मोबाइलवरच्या संदेशाला यातले पहिले वाक्य पुरेसे आहे. तिथे ‘तुझे’चे ‘तुझं’ केलेत तरी चालेल.