सूची क्रमांक दोनमधला कोणता आकडा खरेदीखर्चात धरायचा?

प्रश्न: बोरिवलीतील फ्लॅट आम्ही २०१८ मध्ये दुसऱ्याकडून घेतला होता, आता १ कोटी ३८ लाखांना गिऱ्हाईक आले आहे. दस्त नोंदणीच्या सूची दोनचे दोन उतारे सापडले. एकात मोबदला ८४,००,०००, बाजारभाव ८७,४६,००० आणि मुद्रांक शुल्क ४,३७,३०० आहे, तर दुसऱ्यात मुद्रांक शुल्क फक्त १०० रुपये! बँकेतून मात्र ८३,१६,००० रुपयेच गेलेले दिसतात. एजंट म्हणतो, महागाई निर्देशांक आता गेला, सरळ साडेबारा टक्के कर भरा, जुन्या कागदांना काही अर्थ नाही. काय करावे?

उत्तर: एजंटचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कराचा दर साडेबारा टक्के झाला आणि निर्देशांकाचा, म्हणजे खरेदीखर्च महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा, लाभ काढून घेण्यात आला, हे खरे. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेले घर भारतात निवासी असलेली व्यक्ती विकत असेल, तर जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी, येणाऱ्या करापेक्षा जास्त कर तिच्याकडून घेतला जात नाही. त्यामुळे दोन्ही हिशेब मांडावे लागतात, आणि दोन्हींचा पाया खरेदीखर्च हाच असल्याने जुने कागद येथे थेट पैशाचे ठरतात.

प्रथम दोन उताऱ्यांचे कोडे सोडवू. मुंबईत जुना फ्लॅट घेताना बहुतेक वेळा आधी करारनामा नोंदवला जातो आणि पूर्ण मुद्रांक शुल्क त्याच वेळी भरले जाते. नंतर त्याच पक्षकारांमध्ये खरेदीखत झाले, तर आधी भरलेले शुल्क वजा होऊन त्या वेळी नाममात्र १०० रुपये लागत. उताऱ्याच्या पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार लिहिलेला असतो. तो दोन्हींवर पाहा, म्हणजे कोणता करारनामा आणि कोणते खरेदीखत हे लगेच कळेल. मोबदला दोन्ही उताऱ्यांवर येऊ शकतो, पण तो खर्चात एकदाच धरायचा. शुल्के मात्र दोन्ही वेळची, जी खरोखर भरली ती, मिळवता येतात.

आता दुसरा आणि तिसरा रकाना. दुसऱ्यात मोबदला म्हणजे तुम्ही विक्रेत्याला देण्याचे ठरवलेली किंमत असते, तिसऱ्यात बाजारभाव म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्त्यावरून काढलेले मूल्य. या दोन्हींपैकी जो आकडा मोठा त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. तुमच्याकडेही ८७,४६,००० चे पाच टक्के, बरोबर ४,३७,३०० होतात. त्या वेळी मुंबईत दर पाच टक्के होता, त्यामुळे आकडा जुळतो. अनेकांची चूक इथेच होते : शुल्क ज्या रकमेवर भरले तीच आपली खरेदीकिंमत, असे ते धरून चालतात. तुमचा खर्च मोबदल्याचा, ८४ लाखांचा आहे. बाजारभाव धरल्यास कर सुमारे ९३ हजारांनी कमी दिसेल, पण तपासणीत तो दावा टिकणार नाही. बाजारभाव खर्च म्हणून धरता येतो तो खरेदीच्या वर्षी त्या फरकावर ‘इतर उत्पन्न’ म्हणून करआकारणी झाली असेल तरच. २०१८-१९ मध्ये मोबदल्याच्या पाच टक्क्यांपर्यंतचा फरक करातून सुटत होता. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ४,२०,००० रुपये आणि फरक ३,४६,००० रुपये, म्हणून तो प्रश्नच उद्भवला नाही.

बँकेतल्या तुटीचे उत्तर सोपे आहे. ८४ लाख वजा ८३,१६,००० म्हणजे ८४,०००, अगदी एक टक्का. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता घेताना खरेदीदाराने एक टक्का कर कापून विक्रेत्याच्या नावे सरकारकडे भरायचा असतो. तुम्ही तो वेगळ्या चलनाने भरला असणार. तो विक्रेत्याच्याच किमतीचा भाग असल्याने तुमचा खर्च ८४ लाखच राहतो. ते चलन शोधून ठेवा, नाहीतर उद्या बँकेचे पासबुक आणि दस्त यांत मेळ बसणार नाही.

मुद्रांक आणि नोंदणी शुल्कासाठी मी केवळ सूची दोनवर थांबत नाही. तिच्यातील बाराव्या व तेराव्या रकान्यांचे शीर्षकच ‘बाजारभावाप्रमाणे’ मुद्रांक व नोंदणी शुल्क असे आहे. म्हणजे तेथे आकारणी दिसते. प्रत्यक्ष भरणा पाहायचा तर नोंदणीकृत दस्ताच्या शेवटी जोडलेला ‘दस्त गोषवारा’ उघडा. त्यात मोबदला, बाजारमूल्य आणि ‘भरलेले मुद्रांक शुल्क’ एकत्र दिसतात, आणि पावतीच्या तपशिलात नोंदणी फी व दस्त हाताळणी फी वेगवेगळ्या असतात. नोंदणी फी मोबदल्याच्या किंवा बाजारभावाच्या एक टक्का, पण कमाल ३०,००० असल्याने तुमच्या करारनाम्यावर ३०,००० च दिसली पाहिजे. हाताळणी फी त्या वेळी दर पानाला वीस रुपये होती. दस्त ४६ पानांचा असेल तर ९२० रुपये. ती सूची दोनवर येत नाही, म्हणून पावती हवीच. पावती हरवली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयाचे संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत मागता येते; हे तिन्ही तपशील उताऱ्यावरच असतात.

हाताळणी फी आणि खरेदीखताची नाममात्र शुल्के बाजूला ठेवली, तर तुमचा खर्च ८४,००,००० अधिक ४,३७,३०० अधिक ३०,००० असा ८८,६७,३०० होतो. नवीन पद्धतीने नफा ४९,३२,७०० आणि त्यावर साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ६,१६,६०० रुपये कर. जुन्या पद्धतीत २०१८-१९ चा निर्देशांक २८० आणि २०२५-२६ चा ३७६ आहे. त्या वर्षात विक्री झाली असे धरल्यास खर्च वाढून १,१९,०७,५१७ होतो, नफा १८,९२,४८३ उरतो आणि वीस टक्क्यांनी कर सुमारे ३,७८,५०० येतो. एजंटचे ऐकून शुल्के न धरता, नुसत्या ८४ लाखांवर साडेबारा टक्के भरले असते तर ६,७५,००० गेले असते. शुल्के विसरून जुनी पद्धत लावली असती तरी कर ५,०४,००० आला असता, म्हणजे निव्वळ मुद्रांक आणि नोंदणीच्या दोन आकड्यांनी सव्वा लाखाचा फरक पडतो. उपकर आणि लागू झाल्यास अधिभार या रकमांवर वेगळा येईल.

दोन गोष्टी तपासल्याशिवाय हा आकडा पक्का मानू नका. २०१८-१९ च्या विवरणपत्रात मुद्रांक व नोंदणी शुल्कावर कलम ८०सी ची वजावट घेतली असेल, तर ते सनदी लेखापालांना आधीच सांगा, कारण तीच रक्कम पुन्हा खर्चात धरण्यावर आक्षेप येऊ शकतो. आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर सूची दोन नावे देते, वाटा देत नाही. कोणी किती पैसे भरले हे बँकेच्या नोंदींवरून ठरवून खर्च आणि नफा त्या प्रमाणात विभागावा लागेल.

किंमत तुम्हाला पटत असेल तर माझ्या मते विकायला हरकत नाही. मात्र दस्त गोषवारा, नोंदणीची पावती आणि एक टक्का कपातीचे चलन या तिन्हींच्या प्रती हाती आल्यानंतरच विसार पावती करा, कारण मूळ दस्ताची फाइल खरेदीदाराकडे किंवा त्याच्या बँकेकडे एकदा गेली की ती परत मागत बसावे लागते.