सिंकची अडकलेली जाळी काढताना

वरून स्क्रूड्रायव्हर घालून जाळी उचकटू नकोस, स्टीलच्या सिंकचा काठ वाकतो आणि नवी जाळी कायम गळते. आधी खालचा नट सोडव. नटाबरोबर जाळीही फिरत असेल तर वरून तिच्या भोकांत पक्कडचे दोन्ही दांडे घालून कुणाला तरी घट्ट धरायला सांग. तरीही हलला नाही, तर हॅकसॉच्या पात्याने नट तिरका काप; आटे दिसले की थांब. मग खालून लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोक.

उरलेली पुट्टी हेअर ड्रायरने दोनतीन मिनिटं गरम केली की मऊ पडते. ती प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, तेलकट थर टर्पेंटाइनने पूस आणि साबणाने धू. रबरासारखं ताणलं जात असेल तर ते सिलिकॉन आहे, त्यावर टर्पेंटाइन फुकट जाईल. शेवटी काठावरून नख फिरव, अडकलं तिथे पुट्टी राहिली आहे.