सहा टक्के टोकन बाजारात, बाकीची कधी येणार?

"ताई, एक नवं टोकन नुकतंच लिस्ट झालंय. भाव ४० रुपये, मार्केट कॅप फक्त २४० कोटी, म्हणजे वाढायला भरपूर वाव आहे असं मित्र म्हणतात. दीड वर्षाने फ्लॅट घ्यायचाय. त्यासाठी ठेवलेल्या पैशांतले ३ लाख तीन महिने लावून बाहेर पडावं म्हणतोय. लावू का?"
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

नका लावू. तुम्ही पाठवलेलं टोकनचं पान मी पाहिलं. २४० कोटींच्या खालीच ४,००० कोटींचा आकडा आहे, ती एफडीव्ही, म्हणजे फुली डायल्यूटेड व्हॅल्युएशन. एकूण १०० कोटी टोकन निघणार आहेत, पण आज बाजारात फिरताहेत फक्त ६ कोटी. मार्केट कॅप या ६ कोटींचा हिशेब सांगते, एफडीव्ही सगळ्या १०० कोटींचा. तुमचे मित्र ज्याला स्वस्त म्हणताहेत, त्या प्रकल्पाची किंमत आजच्या भावाने ४,००० कोटी धरली गेली आहे.

सहा टक्के हे प्रमाण फार कमी आहे. इतका थोडा माल बाजारात असला की थोड्याशा खरेदीनेही भाव उसळतो, आणि विक्री आली की तितक्याच झपाट्याने खाली येतो. तरीही नुसत्या टक्क्यावरून मी निर्णय घेत नाही. उरलेली टोकनं कोणाकडे आहेत आणि कधी सुटणार, हे अनलॉकच्या वेळापत्रकात असतं. तुमच्या टोकनच्या वेळापत्रकात टीम आणि गुंतवणूकदारांचा वाटा वर्षभर बंद आहे. तीन महिन्यांत बाहेर पडायचा विचार तुम्हाला सुरक्षित वाटतोय तो बहुधा त्यामुळेच. पण इकोसिस्टम फंडाला, म्हणजे प्रकल्पाच्या वाढीसाठी राखून ठेवलेल्या टोकनांना, अशी मुदत नाही. त्यातून दरमहा १ कोटी टोकन सुटणार आहेत.

म्हणजे तुमच्या तीन महिन्यांत ६ कोटींची ९ कोटी होतील. बाजाराने या टोकनची धरलेली एकूण किंमत २४० कोटीच राहिली, कोणाचंही मत बिघडलं नाही, तरी २४० भागिले ९ म्हणजे भाव साधारण २६ रुपये ६७ पैसे. तुमच्या ३ लाखांचे २ लाख. भाव ४० वर टिकायचा तर मार्केट कॅप ३६० कोटी व्हायला हवी, म्हणजे आजच्या दीडपट. सुटलेलं प्रत्येक टोकन लगेच विकलं जाईल असं नाही, त्यामुळे घसरण याहून कमीही होऊ शकते. पण ते टोकन कोणाच्या हातात जाईल आणि तो कधी विकेल, हे तुम्हाला कळणार नाही. प्रमाणापेक्षा मी हाच आकडा आधी काढते: माझ्या मुदतीत किती नवा माल येणार आणि आजच्या मालाच्या तो किती पट.

प्रत्यक्षात काय होतं ते आर्बिट्रम नावाच्या टोकनच्या उदाहरणावरून दिसतं. मार्च २०२३मध्ये ते आलं तेव्हा १,००० कोटींपैकी १२७.५ कोटी टोकन फिरत होती. १६ मार्च २०२४ला टीम आणि गुंतवणूकदारांची सुमारे १११ कोटी एकदम सुटली. त्या महिन्याच्या सुरुवातीला भाव दोन डॉलरच्या आसपास होता, जूनमध्ये तो एक डॉलरच्याही खाली गेला. त्या काळात सगळा क्रिप्टो बाजारच नरमला होता, म्हणून सगळा दोष अनलॉकचा नाही. पण तारीख वर्षभर आधीपासून जाहीर होती. अशा तारखा माहीत असलेले लोक त्या दिवसाची वाट पाहत बसत नाहीत. ते आधीच विकतात किंवा फ्युचर्समध्ये शॉर्ट करून, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावून ठेवतात. तेव्हा 'अनलॉकच्या आदल्या दिवशी निघेन' हा बेत बहुतेकदा उशिराचा ठरतो.

सुरुवातीच्या गुंतवणूकदारांनी काय भावाने घेतलं, तेही व्हाइटपेपरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपत्रकात शोधा. कोणाला टोकन २ रुपयांना पडलं असेल तर तो २६ रुपयांनाही आनंदाने विकेल. तुमच्यासाठी तो तोटा असेल.

त्यात आपला कर. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर सेस, आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस. तोटा मात्र दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून वजा होत नाही, दुसऱ्या टोकनच्याही नाही, आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. वर काढलेला १ लाखाचा तोटा झाला तर तो पूर्ण तुमचाच, आणि दीड वर्षात पगारातून तो भरून काढणं सोपं नाही.

या चाळणीची मर्यादाही ध्यानात असू द्या. बिटकॉइनसारख्या नाण्याचा बहुतेक पुरवठा आधीच बाजारात आहे, तिथे हा धोका नगण्य, पण तेवढ्यावरून भाव पडणार नाही असं म्हणता येत नाही. शिवाय फिरता माल म्हणून दाखवलेल्या आकड्यात मार्केट मेकरला, म्हणजे बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव देत राहणाऱ्या कंपनीला, उसने दिलेले टोकनही असू शकतात. जुलै २०२३मध्ये वर्ल्डकॉइन आलं तेव्हा फिरत्या मालाचा मोठा भाग असाच होता. तुमच्या टोकनचंही तसं असेल तर खरा सुटा माल सहा टक्क्यांहूनही कमी.

फ्लॅटचे ३ लाख एफडीतच राहू द्या. या टोकनमध्ये रस असेलच तर गेले तरी चालतील असे दहा-पंधरा हजार वेगळे काढा, आणि तेही वर्षभराचा पहिला मोठा अनलॉक होऊन दोन-तीन महिने गेल्यावर. तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत येणारा नवा माल फिरत्या मालाच्या पाच टक्क्यांच्या आत असेल, तर पान पुन्हा पाठवा, आपण बसून हिशेब करू.