चिडवणं, छळ की वेडावणं? वर्गशिक्षिकेला लिहायच्या ईमेलची भाषा

प्रश्न: आम्ही यंदा साक्री तालुक्यातून जळगावला आलो. मुलगा पाचवीत आहे. घरी अहिराणीच बोलतो, त्यामुळे वर्गात त्याच्या तोंडून 'माले', 'आठे' निघतं आणि मुलं त्यावरून त्याच्या मागे लागतात. मॅडमना ईमेल लिहिलाय, पण पाठवायचा धीर होत नाही. 'चिडवतात' लिहिलं तर हलकं वाटतं, 'छळ' लिहिलं तर जड. बरोबर शब्द कोणता? आणि सगळंच अर्जासारखं वाटतंय, ते कसं सुधारू? मजकूर असा आहे:

"महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझ्या पाल्यास वर्गातील काही विद्यार्थ्यांकडून बोलीभाषेवरून वारंवार मानसिक छळ सहन करावा लागत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब अत्यंत गंभीर असून याकडे शाळेचे दुर्लक्ष होत आहे. तरी संबंधितांवर योग्य ती कठोर कारवाई करण्यात यावी, ही नम्र विनंती."

उत्तर: भाऊ, एखाद्याचं बोलणं त्याच्याच तोंडावर, त्याच्याच हेलात म्हणून दाखवायचं आणि हसायचं, याला मराठीत 'वेडावणं' म्हणतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तोच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. 'चिडवणं' हे 'चिडणं'चं प्रयोजक रूप आहे. समोरचा चिडेल असं काहीही केलं की ते चिडवणं. काय केलं ते त्यातून कळत नाही, म्हणून तो शब्द तुम्हाला हलका वाटतो. 'हिणवणं' म्हणजे एखाद्याला कमी लेखून बोलणं. 'गावठी' वगैरे कुणी म्हणालं असेल तर तिथे तो शब्द लागू पडतो. 'छळ' मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात त्रास लांबलेला असतो आणि त्रास देण्याचा हेतूही गृहीत धरलेला असतो. दहा वर्षांच्या मुलांच्या मनातला हेतू तुम्ही घरी बसून ठरवू शकत नाही, आणि पहिल्या ईमेलमध्ये तो ठरवायची गरजही नाही.

'मानसिक' जोडल्यावर तर तो शब्द कायद्याच्या बाजूला झुकतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ मध्ये मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे, आणि ते मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुमच्या मजकुरात 'मानसिक छळ', 'शाळेचे दुर्लक्ष' आणि 'कठोर कारवाई' एकापाठोपाठ आले आहेत. मॅडमना ते वाचताना आपल्यावरच आरोप ठेवल्यासारखं वाटेल. मग त्या मुलाशी बोलण्याआधी ईमेल मुख्याध्यापकांकडे पाठवतील आणि उत्तरही अर्जाच्याच भाषेत येईल. तुम्हाला तर एवढंच हवंय की मधल्या सुट्टीत पोरगा एकटा पडू नये.

मजकूर अर्जासारखा का वाटतो, याचं कारण 'सदर' आणि 'उपरोक्त' एवढंच नाही. ते काढून टाकणं सोपं आहे. खरी अडचण अशी की तुमच्या वाक्यांतली माणसंच नाहीशी झाली आहेत. 'निदर्शनास आले आहे', पण कुणाच्या? 'कळविण्यात येते', पण कळवतंय कोण? 'सहन करावा लागत आहे' यातही केलं कुणी, ते दिसत नाही. सरकारी पत्रात ही रचना चालते, कारण तिथे एक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाशी बोलत असतं. इथे बाप शिक्षिकेशी बोलतोय. 'पाल्य' हा फॉर्मवरचा शब्द आहे, तुम्ही 'माझा मुलगा' लिहा. 'निदर्शनास आले'च्या जागी 'त्याने घरी सांगितलं' लिहा. त्याने वाक्य कमजोर होत नाही, उलट खरं होतं: तुम्ही पाहिलेलं नाही, त्याने सांगितलंय. हे साफ लिहिलं की पुढचं तपासणं हे मॅडमचं काम होतं, तुमच्याशी वाद घालणं नाही.

'वारंवार' आणि 'काही विद्यार्थी' हे शब्दही झाकणारे आहेत. वारंवार म्हणजे रोज की आठवड्यातून एकदा? लिहिण्याआधी मुलाला शांतपणे विचारा, पण 'रोज चिडवतात का रे?' असं नको. त्यावर तो 'हो' म्हणेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. 'पहिल्यांदा कधी झालं? तेव्हा तू काय बोलला होतास? मग ते काय म्हणाले? कुठे उभे होतात?' असं विचारलं की वार, जागा आणि शब्द आपोआप निघतात. हे तो अहिराणीत सांगेल, तसंच ऐकून घ्या.

खालचा ईमेल मी नमुना म्हणून लिहिलाय. त्यातले वार आणि घटना माझ्या मनाच्या आहेत, तिथे मुलाने सांगितलेलं घाला.

विषय: पाचवी 'ब', माझ्या मुलाबद्दल थोडं बोलायचं आहे

"नमस्कार मॅडम,

पाचवी 'ब'मधला —— हा माझा मुलगा. आम्ही जूनमध्ये साक्रीकडून जळगावला आलो. घरी आम्ही अहिराणी बोलतो, म्हणून वर्गात बोलताना त्याच्या तोंडी 'मला'च्या जागी 'माले' आणि 'इथे'च्या जागी 'आठे' येतं.

गेल्या सोमवारी मराठीच्या तासाला उत्तर देताना तो 'माले' म्हणाला आणि काही मुलं हसली. त्या दिवसापासून वर्गातली तीन मुलं मधल्या सुट्टीत त्याला 'ए माले, आठे ये' अशी हाक मारतात, आणि तो काही बोलला की त्याच हेलात म्हणून वेडावतात, असं त्याने घरी सांगितलं. बुधवारी आणि शुक्रवारीही असं झालं. मी स्वतः हे पाहिलेलं नाही. तुमच्या कानावर आलंय का, तेही मला माहीत नाही. शुक्रवारपासून तो डबा खायला बाहेर जात नाही, आणि आता तासाला हात वर करत नाही असं म्हणतो.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागायच्या होत्या. मधल्या सुट्टीत थोडे दिवस त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहील का? आणि त्या तीन मुलांशी तुम्हाला बाजूला घेऊन बोलता येईल का? वर्गात सगळ्यांसमोर हा विषय निघाला तर आपल्याला चुगलखोर म्हणतील, अशी त्याला भीती आहे, म्हणून तेवढं टाळलंत तर बरं होईल.

मुलांची नावं मी समक्ष सांगतो. या आठवड्यात शाळा सुटल्यावर दहा मिनिटं भेटता येईल का? तुम्ही सांगाल त्या दिवशी येतो.

—— (नाव, मोबाइल नंबर)"

आता यात काय केलंय ते सांगतो. 'छळ' नाही, 'गंभीर' नाही, 'मानसिक' नाही. तरीही 'ए माले, आठे ये' वाचल्यावर मॅडमना जे कळेल ते 'अत्यंत गंभीर' वाचून कळलं नसतं. मुलांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे आले की विशेषणांची गरज उरत नाही. म्हणूनच 'वेडावतात' हा शब्द एकदाच आलाय, तोही काय होतं ते सांगून झाल्यावर.

मराठीच्या तासाला मुलं हसली तेव्हा तासावर कुणी ना कुणी शिक्षक असणारच, कदाचित याच मॅडम असतील. ते ईमेलमध्ये मुद्दाम लिहिलेलं नाही. 'तुमच्यासमोर हसले' एवढं लिहिलं असतं तरी दुर्लक्षाचा आरोप मागच्या दाराने आत आला असता. ज्यांना ते आठवायचं आहे त्यांना 'सोमवारी, मराठीच्या तासाला' एवढं पुरतं.

मागणीच्या वाक्यांत 'करण्यात यावी' गेलं आणि 'येईल का' आलं. '-वे'ची रूपं शिक्षिकेला लिहिताना हुकमासारखी वाजतात, आणि पुढे 'नम्र विनंती' जोडून तो आवाज जात नाही. 'योग्य ती कारवाई' यात कारवाई कोणती ते समोरच्याने ओळखायचं असतं. कुणी लक्ष ठेवणं, बाजूला घेऊन बोलणं, दहा मिनिटांची भेट: या गोष्टींना 'हो', 'नाही' किंवा 'असं करू या' यांपैकी एक उत्तर येतंच. शिवाय 'का?' हा प्रश्न आहे, प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

'महोदया'पेक्षा 'नमस्कार मॅडम' बरं, तुम्ही त्यांना समोर हाक मारताना जे म्हणता तेच. 'आपण' किंवा 'तुम्ही' दोन्ही आदराचेच आहेत, पण एक धरला की शेवटपर्यंत तोच ठेवा. 'केले' आणि 'केलं' यांचंही तसंच. तुम्ही बोलल्यासारखं लिहिणार असाल तर सगळीकडे 'सांगितलं', 'झालं' लिहा, मध्येच 'निदर्शनास आले' येऊ देऊ नका.

अहिराणीबद्दल ईमेलमध्ये एकच वाक्य आहे, आणि त्यात 'अशुद्ध' हा शब्द नाही, 'तो लवकरच सुधारेल' असंही नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ पालक असा ईमेल लिहिताना नकळत मुलाच्या बोलीची माफी मागतात, आणि मग मॅडमनाही वाटतं की मुलाचं बोलणं बदललं की प्रश्न मिटला. तो घरची भाषा बोलतोय, एवढं सांगून पुढे जा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे आणि अहिराणी तिच्यात येते. हे भेटीत सहज सांगायला हरकत नाही, कदाचित मॅडम त्यावर वर्गात एखादा तासही घेतील. पण ईमेलमध्ये ते घातलं तर तीन मुलांचा विषय बाजूला राहतो आणि चर्चा भाषेवर जाते.

त्या मुलांची नावं ईमेलमध्ये घालू नका असं मी म्हणतोय, कारण ईमेल पुढे पाठवला जातो आणि उद्या तो त्यांच्या पालकांच्या मोबाइलवर दिसू शकतो. मॅडमनी उत्तरात नावं विचारली तर फोनवर सांगा.

चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली दोन ओळी लिहा: "मॅडम, वरचा ईमेल तुम्हाला मिळाला का? या आठवड्यातही मंगळवारी तसंच झालं. मी गुरुवारी शाळा सुटल्यावर येऊ का?" एवढ्यावरही काही हाललं नाही, तर मुख्याध्यापकांना लिहिताना 'तक्रार' हा शब्द वापरा आणि आधीचे दोन्ही ईमेल तारखांसह जोडा. आणि मुलाने धक्काबुक्की झाली, मारलं, डबा फेकला किंवा धमकी दिली असं सांगितलं, तर वेडावणं, चिडवणं यांतलं काहीही लिहू नका. 'मारलं' असेल तर 'मारलं' हेच लिहा, ईमेलच्या पहिल्याच वाक्यात, आणि त्याच दिवशी शाळेत जा.