फोन आणि लॅपटॉपवरचे बुकमार्क्स फोल्डरमध्ये कसे लावायचे? सिंक चालू असेल तर वेगळा बॅकअप लागतो का?

लागतो. यावर माझा मेहुण्याशी जुना वाद आहे. तो आयटीवाला, त्यामुळे ऐकून घेणं त्याच्या स्वभावात नाही. "सिंक आहे ना, मग कॉपी कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. अहो, सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

गेल्या दिवाळीत साहेबांनी फोन साफ करायला घेतला. बुकमार्क्सने जागा अडते असा त्यांचा समज (पत्ते ते केवढे, जागा काय अडणार!), म्हणून क्रोममधला 'घरबांधणी' फोल्डर उडवला. टाइल्स, सोलर, नगरपालिकेचे नियम, सगळं त्यात. रात्री मला फोन. मी पहिलं विचारलं, लॅपटॉप उघडलास का? नव्हता उघडला, सकाळपासून बंदच होता. म्हटलं, आधी घरातलं वायफाय बंद कर, मगच लॅपटॉप सुरू कर. नेट नसल्यामुळे फोनवर झालेली काटछाट लॅपटॉपला कळली नव्हती, फोल्डर जागेवर होता. Ctrl+Shift+O दाबून बुकमार्क मॅनेजर उघडायला लावला, तिथल्या वरच्या तीन टिंबांतून Export bookmarks. एक एचटीएमएल फाइल तयार झाली. ती पेनड्राइव्हवर घेतल्यावर वायफाय चालू केलं, तर थोड्याच वेळात फोल्डर लॅपटॉपवरूनही गायब. मग त्याच तीन टिंबांतून Import bookmarks केलं आणि सगळं Imported नावाच्या फोल्डरमध्ये परत आलं, फोनवरसुद्धा. वायफाय चालू ठेवून लॅपटॉप उघडला असता तर बसला असता कपाळाला हात लावून. अजूनही म्हणतो, "नशीब होतं." नशीब कसलं!

फोल्डरचं म्हणाल तर ते काम लॅपटॉपवरच करा, माउसने ओढून टाकता येतं. फोनवरून सेव्ह केलेलं बऱ्याचदा Mobile bookmarks मध्ये जाऊन पडतं आणि लोक म्हणतात सिंक होत नाही. तिथे बघा आधी. फोल्डरच्या पोटात फोल्डर करत बसू नका, शेवटी शोधून उघडणंच सोपं पडतं. दोन्हीकडे एकच अकाउंट हवं आणि सिंकमध्ये बुकमार्क्सचं बटण चालू हवं, हे तुम्ही पाहिलंच असेल.

एक राहिलं. क्रोममध्ये आयात केल्यावर जुने बुकमार्क्स जात नाहीत, फाइलमधले सगळे त्यांच्या जोडीला येऊन बसतात. म्हणजे मेहुण्याकडे बाकीच्या सगळ्या लिंक दोन-दोनदा झाल्या, त्या हाताने काढाव्या लागल्या. फायरफॉक्समध्ये उलट आहे: तिथे जेसन बॅकअपवरून Restore केलं तर आत्ताचं सगळं पुसून जुनं बसतं, तेव्हा आधी आत्ताची कॉपी काढा. आणि फाइलमध्ये फक्त पत्ते असतात. साइटच बंद पडली तर बॅकअपचा उपयोग नाही, महत्त्वाचं पान पीडीएफ करून ठेवा. मेहुणा तेही करत नाही.