एचएक्स घेतोयस? मग आधी फ्लश शीक

भावा, एस्प्रेसो मशीन एचएक्स, म्हणजे हीट एक्स्चेंजरवालं, घ्यायचं की ड्युअल बॉयलर हा प्रश्न असेल, तर सकाळी घरचे चार कप आणि त्यातले बहुतेक दुधाचे, एवढंच असेल तर एचएक्स बास झालं.

ड्युअल बॉयलरमध्ये कॉफीचं पाणी एका टाकीत ९३ अंशांच्या आसपास आणि वाफ दुसरीत, त्यामुळे दोन्ही तापमानं वेगवेगळी लावता येतात. एचएक्सचा बॉयलर एकच, वाफेचा, १२० अंशांच्या पुढचा. कॉफीचं ताजं पाणी त्यातल्या नळीतून जाता जाता तापतं. मशीन अर्धा तास नुसतं उभं राहिलं की नळीतलं पाणी नको तितकं तापतं आणि पहिला शॉट करपट लागतो.

म्हणून:
- कॉफी भरलेलं दांड्याचं पोर्टाफिल्टर लावायच्या आधी नुसतं पाणी सोड, हाच फ्लश. सुरुवातीला ते तडतडत, वाफ सोडत येईल. धार शांत झाली की आणखी दोन-तीन सेकंद, मग बंद.
- लागोपाठच्या कपाला फ्लश अगदी थोडा. उगाच पाणी ओतत बसलास तर उलट आंबट लागेल.

कडू लागतंय म्हणून बॉयलरचं प्रेशर उतरवू नकोस, नवखे हेच करतात आणि मग दुधाला वाफ पुरत नाही. लाइट रोस्टसाठी एकेक अंश बदलून बघायचा नाद असेल, तरच ड्युअलला पैसे घाल.